पोहोचलास एवढं कळव

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. खोलीच्या पत्त्यावर टाकतो, तू तिथे असशील असं धरून. तू पोहोचलास का, एवढंच मला हवंय. बाकी काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

बंडूनं सांगितलं, त्यानं तुला रात्री अकराला कुर्डुवाडीला सोडलं. पहाटे पाचला तो दुधाचे कॅन घेऊन परत तिथून गेला, तर तू त्याच बाकावर बसलेला, बॅग मांडीवर. रात्रीत पुण्याकडच्या किती गाड्या गेल्या असतील! म्हणजे तू गाडीसाठी बसला नव्हतास. हे कळल्यापासून मला झोप नाही. तुझ्या आईनं बांधलेला डबा ओट्यावर तसाच राहिला होता, तो तिनं सकाळी गुरांना घातला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या स्टेशनावर मीही एक रात्र काढलीय. तुला हे कधी सांगितलं नाही. अक्काला माहीत आहे.

1982 चा जून. मी वीस वर्षांचा. लालबागच्या मामांनी आदल्या वर्षी म्हटलं होतं, गिरणीत बदली म्हणून लावतो. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर आत घेणार, नाहीतर घरी जा. मला तेव्हा एवढंही कळत नव्हतं. जानेवारीपासून संप सुरू होता, ते कळत होतं, पण संप काय, आज ना उद्या मिटेल असं वाटायचं. तात्या म्हणाले, पेरणी होऊ दे, मग जा. मी म्हणालो, तुमच्या पेरणीत माझा जन्म जाईल. मग ते जे बोलले आणि मी जे बोललो ते लिहीत नाही. आईच्या डब्यातल्या चार दहाच्या नोटा घेतल्या आणि बार्शीहून संध्याकाळच्या छोट्या गाडीत बसलो.

ती गाडी तू पाहिली असशील, पण लहान होतास. अडीच फुटी रूळ, कोळशाचं इंजिन, बार्शी ते कुर्डुवाडी पस्तीस किलोमीटरला दोन तासांच्या वर लागायचे. उतरल्यावर मी मुंबईचं तिकीट काढलं. पुठ्ठ्याचं छोटं तिकीट असायचं. बाबूनं ते यंत्रात घालून तारीख उठवली, खट् असा आवाज झाला, आणि मला वाटलं आता झालं, सुटलो.

गाडीला अवकाश होता. तेवढ्यात मुंबईहून आलेल्या गाडीतून एक म्हातारा पत्र्याची ट्रंक घेऊन उतरला आणि सकाळच्या छोट्या गाडीसाठी माझ्याच बाकावर टेकला. चोवीस वर्षं साच्यावर काम केलेला माणूस. हाताच्या बोटांच्या चिरांत काळं तेल बसलेलं, धुऊन जाणार नाही असं. सहा महिने पगार नाही. खाणावळवाल्या बाईनं दोन महिने उधार जेवू घातलं, मग तोच लाजून निघाला. मी बदलीचं सांगितल्यावर तो हसला नाही. म्हणाला, "पोरा, गेटलाच कुलूप आहे. बदली कुणाच्या जागी उभा राहणार?" एवढं बोलून ट्रंकेवर डोकं ठेवून झोपला.

तरी मी उठलो नाही. खरं सांगतो, म्हाताऱ्याच्या बोलण्यानं मी परत फिरलो नाही. तिकीट खिशात होतं आणि तोंड दाखवायची लाज गाडीपेक्षा मोठी होती.

मग एकच्या सुमाराला पाऊस आला. शेडच्या पत्र्यावर असा काही कोसळला की शेजारचं बोलणं ऐकू येईना. मी बार्शीच्या बाजूला पाहिलं, तिकडे विजा चमकत होत्या. म्हणजे आपल्या रानातही पडत होता. मी मनातल्या मनात मोजायला लागलो. काळं रान, एवढ्या पावसावर तीन-चार दिवसांनी वापसा येणार. तो दोन दिवस टिकला तर टिकला. त्या दोन दिवसांत तूर-उडीद पडला नाही तर माती घट्ट होते नाहीतर पुन्हा चिखल होतो. पाभरीला एक माणूस बैल हाकायला लागतो आणि एक चाड्यावर बी सोडायला. आईच्या हाताला तेव्हा विंचू चावून सूज होती. तात्या एकटे बैल हाकतील की चाडं धरतील? तेवढाच हिशेब मी पुन्हा पुन्हा करत होतो. मुंबईची गाडी आली, उभी राहिली, गेली. मी हिशेबच करत होतो. तिकीट परत करायचंही सुचलं नाही.

सकाळी छोट्या गाडीनं बार्शीला उतरलो तर फलाटाच्या टोकाला तात्या. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, सायकल भिंतीला टेकवलेली. आदल्या संध्याकाळी गाडी सुटल्यावर ते पोहोचले होते आणि रात्रभर तिथेच बसले होते. मला बघून म्हणाले, "कॅरिअर ओलं आहे, पुसून बस." बस्स. पेरणी झाली, उडीद बरा आला. त्या रात्रीबद्दल ते मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

सुहास, मी उलटा निघालो. तू घरी यायचं म्हणत होतास आणि मी तुला घालवला. नोकरी सोडलीस हे ऐकून माझा तोल गेला. विहिरीजवळचं रान तुझ्या शिक्षणाला गहाण टाकलं होतं हे मी तोंडावर फेकलं. ते कधीच सोडवलंय, तुला माहीत आहे, तरी फेकलं. ते बोलायला नको होतं. रागापेक्षा भीती जास्त होती. गेल्या दोन वर्षांत आपल्या विहिरीचं पाणी मार्चमध्येच खाली जातं, आणि तू द्राक्षाचं बोलतोस. द्राक्षाला एकरी किती खर्च येतो, औषधं किती वेळा मारावी लागतात, छाटणीनंतर एक अवकाळी आला तर काय उरतं, हे शीलाच्या सासऱ्यांना विचार. आणि पी.एफ. काढू नकोस, निदान वर्षभर हात लावू नकोस, वर्षभराच्या हप्त्यांएवढे पैसे बाजूला असल्याशिवाय

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. हे बोलायचं तर समोर बसून बोलू. बोर्डात तालुक्यात पहिला आलास तेव्हा मी गावभर पेढे वाटले, पण तुला कधी म्हटलं नाही की मला अभिमान वाटतो. तात्यांचाच मुलगा मी. शब्द निघत नाहीत, आणि निघतात तेव्हा नको ते.

तू त्या बाकावर बसलास तेव्हा मी घरी अंथरुणावर जागा होतो. मोटारसायकल दारात होती. पस्तीस किलोमीटर. तात्या सायकलवर गेले. मी गेलो नाही. गुडघे दुखतात असं तुझ्या आईला सांगितलं, ते खोटं होतं.

शनिवारी रात्री मी कुर्डुवाडीला येऊन बसतो. पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघेन, पहाटेपर्यंत. आई डबा देणार आहे, शेंगाचटणी आणि भाकरी. तुला जमलं नाही तर येऊ नकोस, मी सकाळी परत जाईन, त्यात काही नाही.

फक्त पोहोचलास का, जेवलास का, ते कळव. बंडूच्या फोनवर कळवलंस तरी चालेल.

तुझे,
दादा