गाडी विकली, पण ॲपमधली मालकी माझ्याकडेच राहिली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीनंतर मी माझी अडीच वर्षं वापरलेली कार पुसदकडच्या एका कृषी केंद्र चालवणाऱ्या तरुणाला विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आरसी त्याच्या नावावर गेली, विमा बदलला, फास्टॅगही मी बंद केला. व्यवहार पूर्ण झाला असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. चार महिन्यांनी एका रात्री पावणेदहाला माझ्या फोनवर सूचना आली की गाडीने ठरवलेली वेगमर्यादा ओलांडली. ती मर्यादा मीच कधीतरी मुलगा गाडी नेई तेव्हा लावली होती.

ॲप उघडलं तर नकाशावर गाडी चालताना दिसत होती. खाली चार महिन्यांच्या फेऱ्यांची यादी होती. प्रत्येक फेरी किती वाजता सुरू झाली, कुठे संपली, किती किलोमीटर झाले, कमाल वेग किती, जोरात ब्रेक किती वेळा लागला, इंजिन सुरू ठेवून गाडी किती मिनिटं उभी होती, हे सगळं त्यात होतं. मी दोन-तीन दिवसांच्या नोंदी पाहिल्या आणि फोन खाली ठेवला. तेवढ्यातही कळून गेलं की हा माणूस सकाळी सहाच्या सुमारास वावरात जातो, दुकान कधी उघडतो आणि घर कोणत्या वेळी रिकामं असतं. त्याच पडद्यावर दारांचं कुलूप उघडण्याचं बटणही होतं. मला मनापासून लाज वाटली. मी लगेच त्याला फोन केला.

तो म्हणाला, "गुरुजी, गाडीच्या स्क्रीनवरचं सारं पुसलं होतं ना मी. मंग तुमाले कसं दिसते?"

या प्रश्नाचं उत्तर जुनी गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून हे पत्र. अशा गाडीत कंपनीने बसवलेलं स्वतःचं सिम असतं. त्याला जोडलेली पेटी उपग्रहावरून जागा घेते, गाडीतल्या यंत्रणेकडून वेग, ब्रेक, इंधन, दारं यांची माहिती घेते आणि कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते. तुमचा फोन त्या वाटेत कुठेच नसतो. म्हणून फोन घरी ठेवला, ब्लूटूथ बंद केलं तरी नोंद थांबत नाही. आमच्याकडे टेकड्यांच्या पट्ट्यात टॉवर गायब होतो, पण त्याचाही भरवसा नाही. जागा कळायला टॉवर लागत नाही, आणि बऱ्याच गाड्या मधल्या वेळची नोंद साठवून ठेवून रेंज आली की पाठवतात.

म्हणजे माहिती दोन ठिकाणी असते. स्क्रीनच्या आत तुमचे फोन नंबर, कॉलची यादी, नकाशात टाकलेले पत्ते आणि 'घर' म्हणून जपलेली जागा. सर्व्हरवर फेऱ्यांचा इतिहास आणि गाडी कोणाच्या खात्याला जोडलेली आहे याची नोंद. त्या तरुणाने फॅक्टरी रीसेट केला तो पहिल्या ठिकाणचा. आमच्या गाडीत दुसरं ठिकाण त्याने जागचं हललं नाही. मी फोनमधून ॲप काढून टाकलं असतं तरीही खातं तसंच राहिलं असतं. परत ॲप घेऊन लॉग-इन केलं की गाडी हजर.

आम्ही पुढे जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी ॲपमधली शेअर केलेल्या लोकांची यादी पाहिली. तिच्यात पुण्याच्या माझ्या मुलाचा नंबर होता. म्हणजे दोन फोनवर ही गाडी दिसत होती. त्याला काढलं. मग ॲपमध्ये पुसता येतील तेवढ्या फेऱ्या पुसल्या आणि शेवटी खात्यातून गाडीच काढून टाकली. हे आधी केलं असतं तर फेऱ्यांच्या यादीपर्यंत मला पोचताच आलं नसतं, आणि ती सर्व्हरवर राहिली की नाही हे कळलं नसतं. नंतर त्या तरुणाने सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी आणि ओळखपत्र दाखवून गाडी स्वतःच्या नावाने नोंदवली. खरेदीदाराने हे पहिल्याच दिवशी करावं. चेसिस नंबर टाकल्यावर 'गाडी आधीच नोंदलेली आहे' असं ॲपने सांगितलं, तर जुन्या मालकाचं खातं अजून जिवंत आहे असं समजावं.

एवढ्यावर माझ्या काळातली माहिती मात्र गेली नाही. खात्यातून गाडी काढणं म्हणजे संबंध तोडणं, नोंदी मिटवणं नव्हे. त्यासाठी कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर नोंदणीकृत ईमेलवरूनच लिहिलं : सतरा अक्षरांचा चेसिस नंबर, विक्रीची तारीख, आणि अमुक तारखेपर्यंतची जागेची व ड्रायव्हिंगची माहिती पुसून तसं लेखी कळवा. फेऱ्यांची माहिती पुसल्याचं उत्तर आलं. सर्व्हिसिंगच्या नोंदी मात्र त्यांनी ठेवल्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हा हक्क लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर कंपनीने स्वतःच्या पॉलिसीत दिलेल्या शब्दाचाच आधार आहे, म्हणून मागणी लेखी असावी.

ही माहिती कोणाच्या कामाची, असं मला गावात विचारलं गेलं. अमेरिकेत जनरल मोटर्सने ग्राहकांची जागा आणि ड्रायव्हिंगच्या सवयी स्पष्ट संमतीशिवाय गोळा करून विकल्या, अगदी तीन-तीन सेकंदांनी घेतलेली जागासुद्धा, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. त्यातून काहींचा विमा महागला, असंही आयोगाचं म्हणणं होतं. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने अशी माहिती पतअहवाल संस्थांना देण्यावर पाच वर्षांच्या बंदीचा प्रस्ताव जाहीर केला.

गाडी वापरात असतानाही थोडं आवरता येतं. ॲपच्या किंवा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ड्रायव्हिंग स्कोअर आणि डेटा शेअरिंग बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. जागाच बंद केली तर चोरीला गेलेली गाडी शोधता येत नाही, आणि आमच्यासारख्या सुनसान रस्त्यांवर मला तो सौदा परवडणारा वाटत नाही. पण फोन जोडताना 'कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी' ची परवानगी नाकारली तर बोलणं तरीही होतं, फक्त यादी गाडीत जात नाही. भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या गाडीत तर ती द्यायचं कारणच नाही. कोणी पेटीचा फ्यूज काढून देतो म्हणेल, त्याचं ऐकू नये. त्याने अपघातात मदत मागायचं एसओएस बटण बंद पडू शकतं.

माझी विनंती आरटीओला आणि जुन्या गाड्यांच्या दलालांना आहे. फॉर्म २९ सोबत विक्रेत्याकडून एक ओळ लिहून घ्या : "या गाडीचं ॲप खातं मी सोडलं आहे." आणि चाव्या देताना त्याच्या फोनवरचं ॲप खरेदीदारासमोर उघडायला लावा. गाडी दिसत नाही, हे खरेदीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दिग्रस, जि. यवतमाळ