‘दप्तरी दाखल’ झाल्याबद्दल मी खिडकीवर धन्यवाद दिले

प्रति,
मा. मंत्री महोदय, मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

सविनय सुरुवात करतो. शेवटपर्यंत सविनय राहता येईल असं वाटत नाही, तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

काल सकाळी अकराच्या सुमारास मी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर उभा होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण आईचं काम अजून तिथेच अडकलंय. आतल्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, “तुमचं प्रकरण दप्तरी दाखल झालंय.” मी म्हणालो, “वा! धन्यवाद.” बाईंनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. मागच्या रांगेतल्या आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अहो, दप्तरी दाखल म्हणजे बंद केलं. फाइल बांधून ठेवली.”

मी मराठी माध्यमात शिकलोय, रोज दोन पेपर वाचतो. शाळेत दाखल, दवाखान्यात दाखल, गुन्हा दाखल. आयुष्यभर ‘दाखल’ म्हणजे आत घेतलं, काम सुरू झालं. तुमच्या सरकारात मात्र दाखल म्हणजे संपलं. काल घरी येऊन ओळखीच्या नऊ जणांना विचारलं. सात जणांनी माझ्यासारखंच सांगितलं. उरलेले दोघे निवृत्त सरकारी नोकर.

आता प्रकरण सांगतो. बाबा गेले आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. बाबांच्या पेन्शनच्या कागदावर आईचं लग्नात बदललेलं नाव आहे, आधार कार्डावर माहेरचं. त्या काळात लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिहिलं की काम झालं, त्याचं राजपत्र कोणी काढत नसे. तेव्हा नावाची दुरुस्ती हवी, इतकं आम्हाला कळत होतं. फेब्रुवारीत खिडकीवर एका साहेबांनी शब्द दिला होता, “काय कमी असेल ते ई-मेलने साध्या भाषेत कळवू, तुम्ही आईंना घेऊन हेलपाटे घालू नका.” आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. मी त्या साहेबांना मनापासून नमस्कार केला होता.

मग ती साधी भाषा आली. शुक्रवार, 12 तारीख, संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटं. जशीच्या तशी देतो:

“उपरोक्त विषयाबाबत संदर्भ क्र. 2 च्या पत्रान्वये आपण सादर केलेल्या प्रस्तावाची छाननी केली असता सोबतच्या परिशिष्टातील स्तंभ 4 मध्ये नमूद बाबींची पूर्तता झाल्याचे दिसून येत नसल्याने संदर्भ क्र. 3 मधील सूचनांस अनुसरून सदर पूर्तता पत्र निर्गमित झाल्यापासून सात दिवसांत करण्यात यावी, अन्यथा प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

एकच वाक्य, मोजून पन्नास शब्द. माझी बहीण म्हणाली, “घाबरू नकोस, अन्यथा दाखल करणार म्हणतायत, म्हणजे कागद नाही दिले तरी दाखल तर होणारच.” आम्ही हसलो, चहा घेतला. तरी सावधगिरी म्हणून मी रात्री जागून घरात होते नव्हते ते अकरा कागद स्कॅन केले, विजेच्या बिलासकट, आणि उत्तरात पाठवून दिले. पोच आली नाही. मी वाट पाहत बसलो.

काल रात्री शेजारच्या काकांकडे गेलो. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, अशी पत्रं त्यांनी स्वतः आयुष्यभर लिहिली. त्यांनी वाक्याकडे बघितलंही नाही. “मसुदा शेवटी वाचायचा,” म्हणाले, “आधी वरचं ‘प्रति’ आणि खालचं ‘प्रत’ बघ.” ई-मेलला जोडलेल्या स्कॅन पत्रावर ‘प्रति’ खाली बाबांच्या जुन्या कार्यालयाचे प्रमुख होते. आई सगळ्यात तळाला, ‘प्रत माहितीस्तव’ या ओळीत. म्हणजे वाक्यातलं ‘आपण’ म्हणजे आम्ही नव्हतोच! नावदुरुस्तीचा प्रस्ताव बाबांच्या जुन्या कार्यालयाने पाठवला होता, उणिवा त्यांच्या प्रस्तावात होत्या, पूर्तता त्यांनी करायची होती. आम्हाला फक्त कळवलं होतं. तळाच्या ओळीत ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ असतं तर हातपाय आम्ही हलवायचे, ‘माहितीस्तव’ असेल तर ज्याला पत्र लिहिलंय त्याच्या मागे लागायचं. एवढा मोठा फरक एका शब्दात, तोही सहीच्या खाली, बारीक टायपात.

पत्र आईच्या ई-मेलवर आलेलं, वर आईचं नाव, आणि आत ‘आपण’. कुठला माणूस तळ वाचायला जाईल?

मग काकांनी तारीख बघितली. पत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख हाताने लिहिलेली: 3. ‘निर्गमित झाल्यापासून सात दिवस’ म्हणजे 10 तारीख. ई-मेल आली 12 ला. महोदय, मुदत संपल्यावर दोन दिवसांनी तुमच्या माणसांनी आम्हाला मुदत कळवली. काका म्हणाले, पत्राची तारीख, जावकची तारीख आणि प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख अशा तीन तारखा असतात आणि उत्तरात तिन्ही लिहायच्या, म्हणजे उशीर कोणाचा ते कागदावरच राहतं.

परिशिष्ट शेवटी उघडलं. आडवं छापलेलं, उभं स्कॅन केलेलं. स्तंभ 4 मध्ये, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, एवढंच होतं: “नावात तफावत. सा.प्र. जोडावी.” सा.प्र. म्हणजे साक्षांकित प्रत, हे काकांनी सांगितलं. कशाची? ते काकांनाही सांगता येईना. त्यांचा अंदाज असा की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं दाखवणाऱ्या कागदाची. अंदाज! तीस वर्षं मसुदे लिहिलेल्या माणसाला अंदाज करावा लागतो. आणि साक्षांकित कशाला? कायद्याने सक्ती नसेल तिथे नागरिकाने स्वतः सही केलेली प्रत, म्हणजे स्वयंसाक्षांकित प्रत, चालेल असं राज्य शासनानेच 2015 मध्ये सांगून ठेवलंय. ते त्या टेबलापर्यंत पोचलेलं दिसत नाही. कदाचित तेही माहितीस्तव गेलं असेल.

संदर्भ क्र. 2 आणि 3 ची गोष्ट तर सांगायलाच नको. 2 म्हणजे जुन्या कार्यालयाचं पत्र, जे आम्ही कधी पाहिलेलं नाही. 3 म्हणजे कुठल्याशा सूचना, ज्यांचा नुसता क्रमांक आणि तारीख आहे. काका म्हणतात संदर्भ वाचण्यासाठी नसतात, लिहिणाऱ्याला पाठीशी घालण्यासाठी असतात. त्यांनी हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो, महोदय. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते. आता कळतंय, अभिजात म्हणजे वाचायला पंडित लागतो. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने कारभार मराठीत आणला. मराठीत आणला हे खरं, पण मराठी माणसापर्यंत आणला का? इंग्रजी पत्र आलं असतं तर मी निदान लाज न वाटता कोणाला तरी विचारलं असतं. मराठी पत्र कळलं नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून तीन आठवडे गेले.

आणि ते क्रियापद बघा. ‘करण्यात यावी’. कोणी? ‘दिसून येत नाही’. कोणाला? ‘दाखल करण्यात येईल’. कोणाकडून? आमच्या मराठीच्या बाईंनी कर्ता विसरला की वहीवर लाल गोळा काढला असता. तुमच्या कार्यालयांत कर्ता काढून टाकणं हेच कौशल्य आहे. कर्ता नसला की जबाबदार कोणी नाही. रस्ता खोदण्यात येतो, खड्डा पडलेला आढळून येतो, चौकशी करण्यात येते. पुण्यात राहणाऱ्याला या कर्मणी प्रयोगावरून रोज दुचाकी न्यावी लागते.

आम्हाला सात दिवस. ठीक. पण 2005 च्या एका कायद्याप्रमाणे, ज्याच्या नावात बदल्यांबरोबर विलंबाला प्रतिबंधही आहे, कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आमची फेब्रुवारीपासून पडली आहे. त्यांच्या सात दिवसांना कोणी दप्तरी दाखल करतं का? रिक्षावर माझे दोन-अडीच हजार गेले असतील, नीट लिहून ठेवलेले नाहीत. चार अर्ध्या रजा गेल्या, की पाच. पाच महिने आई माझ्याकडून औषधाचे पैसे घेते आणि प्रत्येक वेळी म्हणते, “पेन्शन आली की देते हं.” ज्या बाईने घराचा जमाखर्च पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने लिहिला तिला मुलाकडे हिशेब द्यावा लागतोय. हे कुठल्या स्तंभात लिहायचं?

मागण्या खरं तर दोनच होत्या, मध्येच इतकं लिहून झालं. पत्र ज्याला पाठवता त्याला पहिल्या ओळीत सांगा की तुम्ही काही करायचं आहे की नाही, आणि असल्यास कुठला कागद, कुठे, कुठल्या तारखेपर्यंत. तारीख आकड्यात लिहा, ‘निर्गमित झाल्यापासून’ नको. दुसरी, बंद केलं तर ‘बंद केलं’ लिहा, आणि पुन्हा उघडण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा तेही. दप्तर कुठे असतं हे आम्हाला माहीत नाही.

सोमवारी मी आधी बाबांच्या जुन्या कार्यालयात जाणार आहे. काकांनी अर्ज लिहून दिलाय: जावक क्रमांक, तिन्ही तारखा, आणि एकच प्रश्न, ‘कोणत्या कागदाची प्रत हवी आहे?’ दोन प्रती नेणार, एक त्यांना आणि दुसरीवर आवक शिक्का, म्हणजे पोच. त्यानंतर त्या खिडकीवर प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज. या वेळी धन्यवाद देणार नाही.

आपला,
सदाशिव पेठेतला एक मुलगा

प्रत माहितीस्तव: आई
प्रत आवश्यक कार्यवाहीस्तव: आपण