आई-बाबा, त्याला नाही म्हणून कळवलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन गॅलरीत जातात, म्हणून लिहितेय. त्याला मी नाही म्हणून सांगितलंय. भांडण झालेलं नाही, कोणी कोणाला फसवलं नाही, मधे तिसरं कोणी नाही. शांतपणे बोललो आणि थांबलो. आता तुम्हाला प्रश्न पडणार की मग झालं काय, मुलगा चांगला, बाबांशी तासन् तास गप्पा मारायचा. तेच सांगायला बसलेय, लांबेल जरा, पण पूर्ण वाचा, मधेच दादाला फोन लावू नका.

आधी एवढं ऐका की मी नीट आहे. जेवण वेळेवर होतंय, झोप लागतेय, सकाळी चालायला जाते, ऑफिसात कोणाला काही कळलेलंही नाही. आई, तू दिलेली शाल रात्री अंगावर असते. तेव्हा माझ्या तब्येतीची काळजी करत जागू नकोस.

तर गोष्ट अशी की आमचं जे काही चाललं होतं ते मी चालवत होते म्हणून चाललं होतं. सकाळचा पहिला मेसेज माझा, भेटायचं कधी हे मी विचारायचं, जागा मी शोधायची, बुकिंग माझ्या फोनवरून, बिल आलं की माझाच हात पुढे. तो कधीच नाही म्हणायचा नाही, आणि मला वाटतं माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं इथेच फसतं. भेटला की मस्त बोलायचा, हसायचा, मन लावून ऐकायचा. त्यामुळे घरी परत येताना वाटायचं की सगळं छान आहे. पण आयतं समोर आलेल्या गोष्टीला हो म्हणायला काहीच लागत नाही गं. कोणाला आपल्याबद्दल किती वाटतं ते त्याच्या होकारातून कळत नाही, आपण समोर नसताना तो आपल्यासाठी काही करतो का त्यावरून कळतं.

पैशाचं आधीच सांगून टाकते, नाहीतर बाबांना वाटेल मुलगी हिशेब करत बसली. नोकरी बदलल्यापासून त्याचा पगार माझ्यापेक्षा कमी होता, त्यामुळे खर्च मी जास्त केला याचं मला काही नव्हतं आणि आजही नाही. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं, घरात आपण तेच केलंय. पैशावरून माणसाच्या मनातलं सर्वात कमी कळतं. ठरवण्यावरून थोडं जास्त कळतं, तरी काही लोकांना खरंच प्लॅनिंग जमत नाही, गोंधळतात. पण स्वतःहून आठवण काढायला ना पैसा लागतो ना डोकं. "काय करतेस" एवढं टाइप करायला किती वेळ लागतो? म्हणून मी पैसे बाजूला ठेवले, बुकिंग बाजूला ठेवलं आणि फक्त एवढंच बघायला लागले की सुरुवात कोण करतं.

त्यातही घाई केली नाही बाबा, तुमचीच मुलगी आहे. रॉस आणि सिकोली नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७९ सालचा एक अभ्यास वाचला होता. त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या कुठल्या कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती पूर्ण कामापेक्षा जास्त भरत होती. कारण आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं तेवढं आठवत नाही. म्हणजे मलाही तसंच वाटत असेल की सगळं मीच करते. म्हणून आठवणीवर न जाता चॅट उघडून मागे मागे गेले, कॉलची यादी बघितली, आणि चॅटमध्ये न दिसणारं त्याने काय काय केलं तेही आठवून वहीत लिहिलं. लॅपटॉप नीट करून दिला होता. मला ताप होता तेव्हा औषधं आणून दिली होती. मनापासून लिहिलं हे, काही लपवलं नाही. पण प्रत्येकाच्या आधी माझा मेसेज होता, "येशील का", "बघशील का". सांगितलं की करायचा, आणि चांगलं करायचा. न सांगता केलेलं असं मला फार थोडं सापडलं, आणि तेही सुरुवातीच्या दिवसांतलं.

आणखी एक बघितलं, ते तर कोणालाही बघता येईल. भेटणं रद्द होतं तेव्हा माणूस पुढे काय म्हणतो. त्याचा मेसेज असायचा, "आज नाही जमणार गं, सॉरी." बस, तिथे संपलं. ज्याला भेटायचं असतं तो म्हणतो आज नाही, रविवारी चालेल का. काम सगळ्यांनाच असतं, अडचणी सगळ्यांनाच येतात, पण दुसरी वेळ सुचवायची का नाही ते आपल्या हातात असतं. त्याने ती सुचवलीच नाही. मीच पुन्हा दोन दिवसांनी विचारायचे.

आता आई तुझा प्रश्न, जो तू मागच्या वेळी फोनवर विचारलास. "यांनी तरी कधी काय ठरवलं? संसार झालाच ना." रागावू नकोस, पण मी यावर खूप विचार केलाय. बाबा ठरवत नाहीत हे खरं. कुठे जायचं, कोणाकडे काय न्यायचं, सगळं तूच. पण तुझा चष्मा सैल झाला की तू बोलायच्या आधी बाबा तो दुकानात नेऊन घट्ट करून आणतात. मी लहान असताना परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या पेनांमध्ये शाई भरून, प्रत्येक पेन कागदावर चालवून बघून ठेवायचे, मी झोपल्यावर. मला सकाळी कंपास उघडल्यावर कळायचं. कोणी सांगितलं होतं त्यांना? आई, तुझ्याकडे ठरवणं आहे आणि बाबांकडे लक्ष आहे, तुमचं असं वेगवेगळं असूनही भरून निघतं. माझ्याकडे ठरवणंही माझंच होतं आणि लक्षही माझंच. तो फरक आहे, आणि बाबा, हे वाचून गॅलरीत जाऊ नका, बसा.

मग तुम्ही म्हणाल स्वभाव असेल, अबोल असेल, मनावर ताण असेल. हे सगळं असू शकतं आणि त्याचा विचार केल्याशिवाय कोणाला दोष देऊ नये. ज्याला खरंच बरं नसतं, नैराश्य असतं, घरात आजारपण असतं, तो सगळ्यांपासूनच लांब जातो, मित्रांपासून सुद्धा. पण याने मित्रांसोबतची पूर्ण ट्रीप स्वतः ठरवली. गाडी, राहायची सोय, कोणी किती पैसे द्यायचे त्याची शीट करून ग्रुपवर टाकली, मागे लागून सगळ्यांकडून जमा केले. उत्साहाने दाखवलं मला. मी ती शीट बघत होते आणि मला तेव्हाच कळलं की याला सगळं येतं. माझ्यासाठी करावंसं वाटत नाही एवढंच.

तरी गप्प बसून परीक्षा घेतली नाही. बरेच लोक सांगतात की मेसेज करणं बंद कर आणि बघ तो करतो का. मला ते पटत नाही, समोरच्याला वाटेल ही रुसलीय, आणि त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काहीही निघू शकतो. म्हणून आधी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, मला असं असं वाटतं, पुढची भेट तू ठरव, दिवस, जागा सगळं, मी फक्त येते. तो म्हणाला, "अगं सांगायचंस ना, मला वाटलं तुला आवडतं ठरवायला." बरं वाटलं ऐकून. थोडे दिवस रोज सकाळी मेसेज आले. एकदा त्याने जागाही ठरवली. मग मेसेज कमी झाले, मग बंद, आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी आला तो हा, "मग काय करायचं आज?" म्हणजे पुन्हा माझ्याकडेच. सांगितल्यावर लगेच दिसलेल्या बदलावर विसंबू नये हे मला तेव्हा समजलं. विषय थंड झाल्यावर काय उरतं ते बघायचं.

एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, विलर्ड वॉलरने, १९३८ मध्येच मांडून ठेवलंय की नात्यात ज्याला कमी रस असतो त्याच्या हातात दोर जास्त असतो. ज्याला नातं हवं असतं तो जुळवून घेत राहतो, गमावायची भीती त्यालाच. माझं नेमकं तेच व्हायला लागलं होतं. बोलताना शब्द जपून वापरायचे, कंटाळेल का म्हणून लहान मेसेज करायचे. लग्नानंतर हे बदललं नसतं आई. भेटायचं ठरवण्याच्या जागी घर, आजारपण, तुमच्याकडे येणं-जाणं आलं असतं आणि प्रत्येक ठिकाणी आधी मी बोलायचं, मग तो हो म्हणणार. लोक म्हणतात जबाबदारी पडली की शिकतो माणूस. शिकतो, पण ज्याला येत नसतं तो शिकतो. याला येत होतं.

तो वाईट नाही, हे मी त्यालाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतेय. त्याला मी आवडत होते, पण थोडी. थोडी आवडणं हा काही गुन्हा नाही. मला तेवढं पुरणार नव्हतं. आणि यात तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही त्याला आवडीने घरात घेतलंत म्हणून मी अडकले असं मनातही आणू नका. बाबा, तुमची आणि त्याची दोस्ती खरी होती, त्याने तुमच्याशी बोलताना काही नाटक केलं नाही.

आता ऐका. त्याला फोन करायचा नाही, "एकदा समजावून बघतो" तर अजिबात नाही. त्याच्या आईचा फोन आला तर आई तू नीट बोल, तब्येत विचार, पण या विषयावर "मुलांनी ठरवलंय" एवढंच, जास्त नाही. मावशीला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका, नाहीतर ती सगळ्यांना वेगळंच सांगेल, मागच्या वेळचं आठवतंय ना. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आठवली की असं नाही, आणि या आठवड्यात मशीनवर रोज मोजून मला आकडे पाठवा, हे वाचून वाढलंय का ते मला बघायचंय. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. जिना उतरताना बांध. आणि रात्री दोघं बसून माझ्या वयाचा हिशेब करू नका, प्लीज.

पुढच्या महिन्यात येतेय, तिकीट काढलंय. आल्यावर काय विचारायचं ते विचारा, सगळं सांगेन, फक्त जेवताना नको.

तुमची,
मनू