पर्सेप्ट्रॉनला कितीही घोकवा, एक्स-ऑर येणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख आवडला. मात्र ‘सराव वाढवला की एकटा पर्सेप्ट्रॉनही एक्स-ऑर शिकतो’ हे त्यातले विधान चुकीचे आहे. फोंड्यातल्या आमच्या मुलांनी परीक्षेत तेच लिहू नये, म्हणून हे पत्र.

एक्स-ऑर आपल्या माडीच्या घरांत रोज वापरात असतो. जिन्यातल्या दिव्याला एक बटण खाली आणि एक वर. दोन्हींपैकी एकच दाबलेले असेल तर दिवा पेटतो. दोन्ही दाबलेली किंवा दोन्ही सुटी असतील तर विझतो. पर्सेप्ट्रॉन म्हणजे एकच कृत्रिम पेशी. ती बटणांना w1 आणि w2 अशी वजने देते, दाबलेल्या बटणांच्या वजनांत b हा आणखी एक आकडा मिळवते आणि बेरीज शून्याहून मोठी आली तरच ‘पेटला’ म्हणते.

आता दोन्ही बटणे सुटी असताना दिवा विझलेला हवा, म्हणजे b शून्य किंवा ऋण. एकेकटे बटण दाबल्यावर तो पेटायला हवा, म्हणजे w1 + b आणि w2 + b दोन्ही धन. त्यांची बेरीज w1 + w2 + 2b, तीही धनच. तिच्यातून एक b वजा केला तर बेरीज कमी होणार नाही, कारण b धन नाही. म्हणजे w1 + w2 + b धन ठरते, आणि दोन्ही बटणे दाबल्यावर नेमकी तीच धन नको आहे! इथे सराव काय करणार?

कागदावर करून पाहा. दाबलेले बटण 1, सुटे 0 धरा. वजने आणि b शून्यापासून सुरू करून 00, 01, 10, 11 या क्रमाने नेहमीच्या नियमाने दुरुस्ती करत जा: पेटायला हवा तिथे विझलेला आला तर b आणि दाबलेल्या बटणांची वजने एकेकाने वाढवा, उलट चूक झाली तर एकेकाने कमी करा. दुसऱ्या फेरीअखेर w1, w2, b अनुक्रमे −1, 0, 1 होतात. तिसऱ्या फेरीत चारही उत्तरे चुकतात, चार दुरुस्त्या होतात आणि आकडे पुन्हा −1, 0, 1 वर. पुढची प्रत्येक फेरी हुबेहूब अशीच.

यावर उपाय आहे: बटणे आणि शेवटची पेशी यांच्यामध्ये दोन पेशींचा एक लपलेला थर घाला. पहिली पेशी बटणांची बेरीज 0.5 च्या वर गेली की 1 देते, दुसरी 1.5 च्या वर गेली की. शेवटची पेशी पहिलीतून दुसरी वजा करते आणि उत्तर 0.5 च्या वर असेल तरच दिवा पेटवते. एक बटण दाबले तर 1 − 0, पेटला. दोन्ही दाबली तर 1 − 1, विझला. दोन्ही सुटी, 0 − 0, विझलेलाच. मधल्या पेशींचा उंबरठा मात्र काढू नका. नुसत्या बेरजांची बेरीज पुन्हा एकाच पर्सेप्ट्रॉनवर येते.

ही वजने मी हाताने बसवली. यंत्राला ती आपली आपण शोधायची, तर मधल्या पेशीची चूक किती हे कळायला हवे, आणि जुना नियम ते सांगत नाही. त्यासाठी उंबरठ्याच्या पायरीऐवजी सिग्मॉइडसारखा गुळगुळीत चढ घेतात आणि शेवटची चूक मागे वाटत नेतात. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या 1986 च्या निबंधानंतर ही रीत सर्वत्र रुळली. तिच्यातही सगळी वजने शून्यापासून सुरू केली तर मधल्या दोन्ही पेशी जुळ्यासारख्या एकच काम करत राहतात, म्हणून सुरुवातीचे आकडे थोडे वेगवेगळे ठेवावे लागतात.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, फोंडा-गोवा