हसू क्रियापदापाशी येतं

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझी एकांकिका वाचली. प्रसंग छान बेतले आहेस, आजीचं पात्र तर फारच आवडलं. तू विचारलंस की तालमीत सगळे कलाकार मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात, तरी त्या वाक्यांना कुणी हसत का नाही. हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, तेव्हा पत्र लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

तुझा नायक पहिल्या प्रवेशात म्हणतो, ‘मी खूप फ्रस्ट्रेटेड आहे, माझी लाइफ कम्प्लिटली मेस झाली आहे.’ हे वाक्य खरं आहे. अशीच मुलं आज पुण्यात आणि तुमच्याकडे बोलतात, आणि म्हणूनच ते कानावरून निघून जातं. ‘ट्रेन लेट आहे, मी स्टेशनवर वेट करतोय’ असं कुणी दादरला उभं राहून म्हणालं तर शेजारचा मान वर करूनही बघणार नाही. नुसती सरमिसळ विनोदी नसते, ती आता आपली रोजची भाषा आहे. हसू येतं ते त्या सरमिसळीत एक विशिष्ट गोष्ट घडते तेव्हा.

ती समजून घ्यायला आपल्याच एका माणसाची मदत होते. अरविंद जोशी हे पुण्यात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नाव काढलेले संगणकीय भाषाशास्त्रज्ञ. १९८२ साली त्यांनी एकाच वाक्यात दोन भाषा मिसळण्यावर एक निबंध मांडला, आणि त्यासाठी उदाहरणं घेतली ती मराठी-इंग्रजीची. त्यांचं म्हणणं असं की अशा वाक्यात दोन भाषा बरोबरीच्या नसतात. एक भाषा वाक्याची चौकट देते आणि दुसरीतले शब्द त्या चौकटीत येऊन बसतात. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही चौकट कुठल्या भाषेची आहे हे न सांगता कळतं. आपल्या वाक्यात ती बहुतेक वेळा मराठी असते. नामं, विशेषणं, अगदी धातूसुद्धा इंग्रजी चालतात, पण ‘वर’, ‘ला’, ‘काही’, ‘आहे’ असे सांधे जोडणारे लहान शब्द मराठीच राहतात. ‘काही चेअर्सवर’ असं आपण सहज म्हणतो, पण ‘सम चेअर्सवर’ असं कुणी म्हणत नाही. मोठ्याने म्हणून बघ, जीभच अडते.

आता चौकट मराठी असली की क्रियापद शेवटी येणार. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद येतं, म्हणजे काय झालं ते सुरुवातीलाच कळून जातं. मराठी वाक्य आपला निकाल शेवटपर्यंत हातात राखून ठेवतं. त्यात भर म्हणजे इंग्रजी शब्दांनी भरलेल्या वाक्याच्या शेवटी आपल्या कानाला एक ठरावीक क्रियापद अपेक्षित असतं: केलं, झालं, दिलं, घेतलं. अटेंड केली, कॅन्सल झालं, फीडबॅक दिला. त्या जागी दुसरंच काही आलं की माणूस हसतो.

एक वाक्य घेऊन दाखवतो. ‘क्लायंटने प्रेझेंटेशनवर निगेटिव्ह फीडबॅक दिला.’ यात हसण्यासारखं काही नाही. आता हे बघ: ‘क्लायंटने प्रेझेंटेशनवर लाइन-बाय-लाइन फीडबॅक देत देत मॅनेजरची सालटी काढली.’ ‘मॅनेजरची’पर्यंत आपण काचेच्या ऑफिसात बसलेले असतो, सगळे शब्द इस्त्रीचे. आणि शेवटच्या दोन शब्दांत थेट घरच्या ओट्यावर येऊन पडतो. ‘सालटी काढणे’ आपण आईच्या तोंडून शिकलो, कुठल्या मीटिंगमध्ये नाही. आता हेच पूर्ण मराठीत कर: ‘ग्राहकाने सादरीकरणावर ओळीओळीने अभिप्राय देत व्यवस्थापकाची सालटी काढली.’ थोडं हसू येतं, पण ते त्या सरकारी वळणाच्या शब्दांचं, ऑफिसचं नाही. क्रम उलटा कर: ‘सालटी काढली मॅनेजरची क्लायंटने, लाइन-बाय-लाइन.’ ही नुसती चहावरची बातमी झाली. शब्द तेच आहेत, पण निकाल आधीच फुटला.

आता तुझ्या नायकाकडे ये. त्याच्या वाक्याच्या शेवटी ‘झाली आहे’ आहे, म्हणजे जे अपेक्षित तेच आलं. त्याला असं म्हणू दे: ‘वर्क-लाइफ बॅलन्स मेन्टेन करता करता माझा पार पिट्ट्या पडलाय.’ दुःख तेच आहे. उलट मला ते आता जास्त खरं वाटतं, कारण दमलेला माणूस शेवटी स्वतःच्या भाषेतच कण्हतो.

दुसरी जागा प्रत्ययाची. मराठीत नामाला विभक्ती लावताना त्याचं सामान्यरूप होतं. जुने इंग्रजी शब्द या रीतीत कधीच बसले: टेबलावर, कोर्टात, बँकेत, हॉटेलात. नव्या शब्दांना आपण अजून हात लावत नाही, प्रत्यय तसाच चिकटवतो: लॅपटॉपवर, मॉलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर. तुझी आजी मात्र ‘त्या व्हॉट्सअ‍ॅपावर’ आणि ‘मॉलात’ म्हणेल. कालच आलेल्या शब्दाला ती घरातल्या माणसासारखं कामाला लावते. त्यात हसू आहे, आणि माझ्या दृष्टीने मोठी मायाही आहे. माझ्या ओळखीची तरुण मुलं हे आता मुद्दाम करतात. ‘ब्रेकअपाचं दुःख’ म्हटलं की दुःखही थोडं आपल्या अंगणातलं होतं. पण याला मुदत असते. ‘टेबलावर’ला आज कुणी हसत नाही, कारण टेबल इंग्रजी आहे हे कान विसरून गेला. आणखी काही वर्षांनी ‘मॉलात’लाही कुणी हसणार नाही. म्हणून शब्द निवडताना बघ, तो ऐकणाऱ्याला अजून परका वाटतोय का. तेवढं परकेपण नसेल तर विनोद उभाच राहत नाही.

तिसरी गोष्ट तू आजीला दिलीच आहेस, फक्त चुकीच्या शब्दावर. ती ‘चहा-बिहा’ म्हणते. ते तर सगळेच म्हणतात. ही ‘बि’ची जोडी शब्दाची किंमत उतरवते, त्याला ‘आणि तसलं काहीतरी’च्या रांगेत नेऊन बसवते. चहाला मुळात कसली ऐट नाही, त्याचं काय उतरवणार? ही जोडी भारदस्त इंग्रजी शब्दाला लाव: मेडिटेशन-बिडिटेशन, अ‍ॅनिव्हर्सरी-बिनिव्हर्सरी. ‘ते डाएट-बिएट राहू दे, आधी पोळी खा,’ एवढ्यात आजीने आहारतज्ज्ञाचा सगळा तक्ता बाजूला सारला. एक अडचण ध्यानात ठेव. ‘बिझनेस’सारख्या शब्दाला ही जोडी जमत नाही, तो आधीच ‘बि’ने सुरू होतो.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. तिसऱ्या प्रवेशात गावाकडून आलेला मामा ‘प्रायव्हसी’चा उच्चार चुकवतो आणि सगळं घर हसतं. तो तुकडा काढून टाक, मिलिंद. तालमीत त्याला हशा मिळत असेल, तरी काढ. एक तर त्यात दोन भाषा मिसळल्याचा विनोद नाहीच. मामाने एकच शब्द म्हटला असता तरी ते असेच हसले असते. आणि ज्याला इंग्रजी शाळेची पायरी चढायला मिळाली नाही त्याला, ती मिळालेले लोक हसताहेत. तुझ्या-माझ्या वडिलांना ऑफिसात असं हसणारे लोक होते. त्यांनी आयुष्यभर मग चार माणसांत इंग्रजी शब्द उच्चारायचा टाळला, हे आपण दोघांनी पाहिलंय.

यातला फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे: वाक्यातली हुशारी कुणाच्या हातात आहे ते बघायचं. ‘डाएट-बिएट’ म्हणताना ती आजीच्या हातात असते. मामाच्या हातातही ती दे. जावई सुट्टीला गावी आलाय, बायकोबरोबर ओसरीवर बसलाय, म्हणतोय की आम्हाला जरा क्वालिटी टाइम हवाय. मामा शांतपणे म्हणतो, ‘मग त्या क्वालिटी टाइमात तेवढी विहिरीवरची मोटर बघून घ्या.’ इथे मामाला शब्द नीट कळलाय, तो त्याने आपल्या पद्धतीने चालवलाय, आणि घर हसेल ते त्याच्या बाजूने. गंमत म्हणजे ‘मोटर’ही इंग्रजीच, पण ती इतक्या वर्षांपूर्वी शेतात आली की जावयाच्या शब्दासमोर ती अस्सल मराठी म्हणून उभी राहते.

तुमच्या प्रेक्षकांबद्दल एक शंका आहे. तिकडे परदेशात वाढलेल्या मुलांना ‘पिट्ट्या’ किंवा ‘सालटी’ कळेलच असं नाही, आणि ते कळलं नाही तर वाक्याचा शेवटच हरवला. पण त्यांची स्वतःची उलटी चौकट आहे. तुझी धाकटी भांडताना म्हणते ना, ‘मम्मा, ही इज चिडविंग मी’? इथे चौकट इंग्रजी आहे, धातू मराठी, आणि शेपूट पुन्हा इंग्रजी. ‘चिडव’साठी तिला इंग्रजीत नेमका शब्द सापडला नाही, म्हणून तिने तो घरून उचलला आणि इंग्रजीच्या नियमाने चालवला. आजी व्हॉट्सअ‍ॅपाचं करते तेच ती उलट्या दिशेने करते. मला वाटतं, तुझ्या शेवटच्या प्रवेशात नातीला हे वाक्य द्यावंस आणि आजीचं उत्तर असावं: ‘त्याला इग्नोर मार आणि इकडे ये.’ मग मुलं नातीच्या वाक्याला हसतील, मोठे आजीच्या, आणि दोघांनाही एकमेकांचं कळेल.

शेवटी कलाकारांसाठी. तू पाठवलेल्या तालमीच्या चित्रफितीत सगळे जण इंग्रजी शब्दावर जोर देतात, डोळे मोठे करतात. ते थांबव. इंग्रजी शब्द सपाट, भरभर, जणू रोजचे म्हणून जाऊ देत. क्रियापदाआधी विरामही नको, विराम घेतला की पुढे काहीतरी येतंय हे प्रेक्षकाला आधीच कळतं. ‘सालटी काढली’ हे ‘फीडबॅक दिला’च्याच सुरात यायला हवं. आणि पुढचं वाक्य हशा ओसरू लागला की घ्या, पूर्ण थांबायची वाट बघू नका.

मामाचा प्रवेश नव्याने लिहिलास की लगेच पाठव. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश