ड्रॅगन फ्रूट आणि किवी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की मंडईतून आणलेले ड्रॅगन फ्रूट पाणचट निघाले आणि किवी इतके आंबट की आईने अर्धे टाकून दिले. तुम्ही दोन्ही फळे एकाच पद्धतीने निवडलीत आणि आणल्या आणल्या दोन्ही फ्रिजमध्ये ठेवलीत, गोंधळ तिथेच झाला. ड्रॅगन फ्रूट एकदा तोडले की त्याची गोडी वाढत नाही, घरी ठेवून ते फक्त शिळे होते. किवी मात्र कडकच तोडतात आणि ते आपल्या आंब्यासारखे घरी पिकते. म्हणून ड्रॅगन फ्रूट घेताना आधी रंग पाहायचा आणि किवी घेताना हाताने चाचपायचे.

ड्रॅगन फ्रूट फुलल्यानंतर साधारण महिनाभराने तयार होते आणि शेवटच्या काही दिवसांत त्याची हिरवी साल गुलाबी होते. साल सगळीकडून सारखी गुलाबी असलेलेच फळ घ्या. कडेला हिरवट झाक राहिलेली असेल तर ते लवकर तोडलेले आहे, आणि तुमचे पाणचट निघालेले फळ बहुधा असेच असावे. सालीवरच्या पाकळ्यांसारख्या खवल्यांची टोके हिरवी असतात, ती थोडी मलूल झालेली असली तर हरकत नाही, पण पूर्ण तपकिरी होऊन कुरकुरीत वाळलेली असतील तर फळ बरेच दिवस पडून आहे असे समजा. मग अंगठ्याने हलकेच दाबा. जरासे दबले पाहिजे, पण बोट रुतता कामा नये. एकाच जागी पिचपिचीत लागले तर आत तो भाग सडायला लागलेला असतो. सारख्या आकाराच्या दोन फळांमधले हाताला जड लागेल ते घ्यावे. आतला गर पांढरा की लाल हे सालीवरून खात्रीने कळत नाही, ते विक्रेत्यालाच विचारावे. आपल्या सांगली-सोलापूरकडे आता या फळाची लागवड होते आणि पावसाळ्यात जवळचा माल मिळतो, तेव्हाच घेतलेले बरे.

किवीच्या बाबतीत रंगाचा काही उपयोग नाही, कारण हिरव्या गराच्या किवीची साल कच्ची असतानाही तपकिरीच असते आणि पिकल्यावरही तपकिरीच राहते. फळ तळहातात धरून टोकाजवळ अगदी हलका दाब द्या, मधोमध जोरात दाबलेत तर तिथे डाग पडतो. किंचित दबले तर ते आजच खाण्याजोगे आहे आणि दगडासारखे लागले तर कच्चे आहे. कच्चे घ्यायला हरकत नाही, मात्र साल सुरकुतलेले किंवा ओलसर डाग असलेले घेऊ नका. गेल्या रविवारी मी सहा कडक किवी आणले आणि कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर बाहेरच ठेवले. केळ्यातून जो वायू निघतो त्याने किवी लवकर पिकते. बुधवारी त्यांतले दोन दबायला लागले, शुक्रवारी उरलेले. पिकलेले फळ मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, तिथे ते आणखी काही दिवस टिकते.

कापण्याचे सांगते, कारण आईच्या बोटांना आता सोलाण्याने सोलणे जड जाते. ड्रॅगन फ्रूट धुऊन, देठापासून टोकापर्यंत उभे दोन भाग करा आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन. मग साल कोपऱ्यात अंगठ्याने उचलली की केळ्यासारखी सलग सुटते. सालीच्या आतला गुलाबी पापुद्रा गराला चिकटून राहिला तर तो सुरीने काढा, त्याला चव नसते. किवीची साल काढूच नका. ते आडवे मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्या भागांतला गर चमच्याने कोरून खा. देठाकडच्या बाजूला आत एक कडक पांढरा खुंट असतो, तो तेवढा सोडून द्या.

आई, तू किवी दुधात घालून फ्रूट सॅलड करून ठेवू नकोस. त्याच्यातल्या एका पाचक द्रव्यामुळे दूध थोड्याच वेळात फाटल्यासारखे होते आणि कडवट लागते. वाढताना वरून घातलेस तर चालेल. आणि बाबा, लाल गराचे ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवीला किंवा शौचाला लालसर रंग दिसू शकतो, बीट खाल्ल्यावर दिसतो तसाच. तो रंग फळाचा असतो, पण एक-दोन दिवसांत गेला नाही, किंवा हे फळ न खाताच दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या शनिवारी मी येते आहे. येताना कडकच किवी आणीन आणि केळी घरात असतीलच.

तुमची,
ताई