मावशीच्या घराचा हाती काढलेला नकाशा

प्रिय सुमित,

तुझ्या आत्याच्या घरचा नकाशाही तसाच कागदावर काढून, फोटो काढून आलाय आणि त्यावरचं सगळं कन्नडमध्ये आहे, हे वाचल्यावर लगेच लिहायला बसले. मावशीकडे मी अशाच कागदावरून पोहोचले. तिच्या दिरांनी तो काढला होता. त्यांना कन्नडच लिहिता येतं, आणि फोनच्या नकाशात त्यांची गल्ली दिसतच नव्हती.

आधी फोटोबद्दल. मेसेजमधून आलेला फोटो आकसतो आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. म्हणून त्यांना तोच फोटो पुन्हा, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. शिवाय कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढलेला हवा. हे मी इतकं का सांगतेय ते पुढे कळेलच.

मग अक्षरं. भाषांतराच्या अ‍ॅपने छापील पाट्या बऱ्या वाचल्या, पण काकांच्या घसरत्या अक्षरापुढे त्याने हात टेकले. तेव्हा मी बाणांकडे वळले. डावीकडे वळणाऱ्या प्रत्येक बाणाशेजारी एकच शब्द होता, उजवीकडच्या बाणांशी दुसरा. म्हणजे अर्थ चित्रातच लिहिलेला होता. ते ‘एडक्के’ आणि ‘बलक्के’, डावीकडे आणि उजवीकडे. नुसत्या सरळ रेघेवर आलेला शब्द ‘नेरवागि’, म्हणजे सरळ. हे तीन शब्द कागदावर जसेच्या तसे उतरवून घे. एकदा त्यांचा आकार डोळ्यात बसला की अर्धा नकाशा वाचता येतो. उरलेले शब्द ओळखीच्या कन्नड माणसाकडून वाचून घे, पण शब्द कापून पाठवू नकोस. आजूबाजूच्या रेघांसकट पाठव, म्हणजे त्यालाही संदर्भ मिळतो.

माझं सगळं एका शब्दावर अडलं होतं. पूल ओलांडला की रस्त्यात वडाचं झाड काढलं होतं आणि उजवीकडची गल्ली थेट झाडाच्या बुंध्यातूनच निघाल्यासारखी दिसत होती. वळायचं झाडाच्या अलीकडे की पलीकडे? झाडाशेजारी लिहिलेला शब्द ऑफिसातल्या मैत्रिणीला पहिल्या फोटोत नक्की लागेना. ‘मुंचे’ असेल तर आधी, ‘मुंदे’ असेल तर पुढे. फरक एकाच अक्षराचा, आणि अर्थ उलटे! मोठा फोटो आल्यावर तिने स्वच्छ ‘मुंचे’ वाचलं, म्हणजे झाडाच्या आधी. प्रत्यक्षात झाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक गल्ली होती, दोन्ही उजवीकडेच जाणाऱ्या. अलीकडच्या गल्लीत थोडं आत गेल्यावर नकाशातली विहीर दिसली आणि वळण बरोबर असल्याची खात्री पटली.

तू हेच कर. प्रत्येक वळणानंतर लगेच काय दिसायला हवं ते आधीच हेरून ठेव. ती खूण दिसेपर्यंत पुढच्या वळणाचा विचार करू नकोस. ती दिसलीच नाही, तर शेवटच्या पटलेल्या खुणेपर्यंत मागे ये. अंदाजाने पुढे रेटत राहिलं की पुढच्या साऱ्या वळणांचा मेळ जातो.

अंतरावर मात्र अजिबात विसंबू नकोस. काकांच्या कागदावर स्टॉपपासून पुलापर्यंत बोटभर रेघ होती आणि झाडापासून घरापर्यंत वितभर. चालताना उलटंच होतं: पूल येता येईना, आणि झाडानंतर घर लगेच आलं. आपल्या घराजवळचा प्रत्येक कोपरा माणसाला माहीत असतो, म्हणून तो भाग कागदावर फुगतो आणि लांबचा आक्रसतो. खुणांचा क्रम मात्र सहसा खरा निघतो, कारण काढणारा मनातल्या मनात ती वाट चालत असतो.

फोनचं आपोआप फिरणं बंद कर. मग चालायची दिशा वर येईल असा फोन हातात धर. डावं-उजवं चालणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं असतं. नकाशा उलटा धरलास, तर कागदावरचं डावं तुझ्या उजवीकडे दिसतं.

आणि रस्त्यात कुणाला विचारायचं झालं, तर घराचं नाव विचारू नकोस. पुढची खूण दाखव. मावशीचं घर कुणाला ठाऊक असेल-नसेल, पण वडाचं झाड विचारल्यावर एक आजोबा हात दाखवून थेट कोपऱ्यापर्यंत सोबत आले. ते कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत, आणि फोन दोघांच्या मधे होता.

तुझा फोटो मला पाठव. झाड, पूल, विहीर जे असेल ते, आणि शेजारचे शब्द मी मैत्रिणीला आजच दाखवते. आत्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मेधा